रिकाम्या पत्त्यावर येणारे पाहुणे : एका हनीपॉटच्या नोंदींचा प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका लहान सॉफ्टवेअर कार्यालयाच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे होती, त्या काळातील हे प्रकरण आहे. कार्यालयाच्या मुख्य सर्व्हरवर बाहेरून एसएसएचने प्रवेश करता येत असे आणि त्याच्या लॉगमध्ये चुकलेल्या पासवर्डच्या नोंदींचा रोज ढीग साचे. एका बैठकीत व्यवस्थापकांनी सरळ सांगितले, "हे जे कोणी येतात त्यांची यादी काढा, म्हणजे फायरवॉलवर एकदाच बंदी घालून मोकळे होऊ." मागणी वाजवी होती, पण खऱ्या सर्व्हरच्या लॉगमधून अशी यादी काढणे फसवे असते. पासवर्ड विसरलेला सहकारी, घरून काम करणारी कर्मचारी, जुना पासवर्ड लिहून ठेवलेली बॅकअपची स्क्रिप्ट आणि पूर्ण अनोळखी हल्लेखोर हे सगळे तेथे `Failed password` या एकाच साच्यातील ओळीत दिसतात. शिवाय जो आत येऊ शकला नाही त्याला आत येऊन काय करायचे होते, हे त्या ओळीवरून कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून ज्यावर कोणाचेही काम नाही असे एक फसवे यंत्र, म्हणजेच हनीपॉट, उभे करायचे आणि त्याला कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या रीतीने छेडले जाते याची नोंद ठेवायची, असे ठरले.

कल्पना जुनी आहे. 1991 च्या जानेवारीत एटी अँड टी बेल लॅब्जमध्ये बिल चेसविक यांच्या गेटवेवरून एका घुसखोराने पासवर्डची फाइल मागितली, तेव्हा त्यांनी त्याला बनावट फाइल दिली, आणि पुढे काही काळ त्याच्या आज्ञांना संगणकाने द्यायची उत्तरे स्वतः हाताने तयार करून पाठवली. आज ते काम काउरीसारखा तयार प्रोग्रॅम करतो. तो एसएसएच आणि टेलनेटचा सर्व्हर असल्याचे सोंग आणतो, ठरवलेला पासवर्ड आला की आत घेतो, खोटी फाइल व्यवस्था दाखवतो आणि टाइप झालेली प्रत्येक आज्ञा टिपून ठेवतो. प्रत्यक्षात त्या आज्ञा यंत्रावर चालत नाहीत. काउरी त्यांना सुचेल तशी उत्तरे देतो. पूर्ण खरे यंत्र मोकळे सोडले असते तर अधिक खोलवर पाहता आले असते, पण ते यंत्र उद्या दुसऱ्यावर हल्ला करू लागले तर त्याची जबाबदारी आमच्यावर आली असती. आमचा प्रश्न पत्त्यांचा आणि पद्धतीचा होता, त्यामुळे काउरी पुरेसा होता.

पत्ता कोणता द्यायचा

हनीपॉटच्या नोंदीला वजन येते ते एकाच कारणाने: त्या पत्त्यावर येण्याचे कोणालाही रास्त कारण नसते. हे कारण टिकवायचे तर पत्ता कोरा हवा. क्लाउडमध्ये स्वस्तात यंत्र घेण्याचा मोह आधी झाला होता, पण तेथील पत्ते एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जात राहतात आणि आधीच्या भाडेकरूची ॲप, तपासणी सेवा व विसरलेल्या स्क्रिप्ट त्या पत्त्यावर येतच राहतात. अशी वाहतूक हल्ला म्हणून मोजली तर यादी पहिल्या दिवसापासूनच नासते. आमच्या लीज्ड लाइनसोबत पत्त्यांचा `/29` संच मिळालेला होता, म्हणजे एकूण आठ पत्ते, आणि त्यांतील एक कधीच वापरला गेला नव्हता. त्याच्या नावाने डीएनएसमध्ये नोंद नव्हती, तो कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता. तोच निवडला.

राउटरवर तो पत्ता आतल्या एका स्वतंत्र विभागातील जुन्या डेस्कटॉपकडे वळवला. या विभागातून कार्यालयाच्या उरलेल्या नेटवर्ककडे जाण्याचा मार्ग बंद ठेवला. डेस्कटॉपवरील खरी एसएसएच सेवा 22022 या पोर्टवर हलवून ती फक्त आतून उघडी ठेवली, काउरी नेहमीप्रमाणे 2222 वर एका साध्या, अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवला आणि 22 वर येणारी जोडणी त्याच्याकडे वळवली:

```
iptables -t nat -A PREROUTING -p tcp --dport 22 \
  -j REDIRECT --to-port 2222
```

बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचा विचार त्याहून महत्त्वाचा ठरला. पाहुण्याने `wget` लिहिले की काउरी ती फाइल खरोखर उतरवून घेतो, कारण तिचा नमुना अभ्यासाला उपयोगी पडतो. पण याचा अर्थ असाही होतो की एखादा परका आपल्या पत्त्यावरून तिसऱ्याच सर्व्हरला विनंत्या पाठवू शकतो. आम्हाला नमुने नको होते. म्हणून वेळ जुळवण्यासाठीची वाहतूक आणि नावांचा शोध सोडून बाहेर जाणारे सगळे नवे दुवे राउटरवरच तोडले. फाइल हाती लागली नाही तरी ती कोठून मागवली जात होती तो पत्ता काउरी `cowrie.session.file_download.failed` या नोंदीत लिहून ठेवतोच. आपल्या यंत्रामार्फत पुढे कोठे जोडून घेण्याची मागणीही अनेक जण करतात, विशेषतः मेल पाठवण्यासाठी. ती काउरी मान्य केल्याचे भासवतो, नोंदवतो आणि आलेला मजकूर टाकून देतो.

पहिल्या दिवसाची फजिती

दुसऱ्या दिवशी सकाळी `cowrie.json` उघडली तेव्हा तीत शेकडो जोडण्या होत्या आणि प्रत्येकीचा `src_ip` एकच होता: `192.168.50.1`. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने ते पाहून विचारले, "सर, हा एवढा चिकाटीचा कोण?" तो आमचाच राउटर होता.

राउटरवर फार पूर्वी कोणीतरी लिहिलेला `-A POSTROUTING -j MASQUERADE` असा नियम होता. आतील संगणक बाहेर जाताना त्यांचा पत्ता बदलावा एवढाच त्याचा हेतू. पण कोणत्या बाजूने बाहेर पडताना हे त्यात सांगितले नसल्याने बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांवरही तो लागू होत होता आणि येणाऱ्याचा मूळ पत्ता पुसून तेथे राउटरचा आतला पत्ता बसवत होता. नियमात `-o eth0` जोडल्यावर, म्हणजे इंटरनेटकडील तोंडापुरता तो मर्यादित केल्यावर, खरे पत्ते दिसू लागले. पत्ते नोंदवण्यासाठी उभारलेल्या यंत्रात पत्ताच हरवावा, हे नंतर हसण्यासारखे वाटले, पण प्रश्नच न विचारता आठवडाभर नोंदी साठल्या असत्या तर त्या सर्व टाकून द्याव्या लागल्या असत्या. आता मी कोणताही हनीपॉट चालू करताना आधी मोबाइलच्या इंटरनेटवरून त्याला एकदा जोडून पाहतो आणि मोबाइलचा बाहेर दिसणारा पत्ता व लॉगमधील पत्ता अक्षरशः जुळतो का ते तपासतो. मधे कोठलाही प्रॉक्सी किंवा पत्ता बदलणारी पायरी असेल तर ती या एका चाचणीत उघडी पडते.

त्याच तपासणीत दुसरी उणीव ध्यानात आली. काउरीला दिसतो तो फक्त जोडणी पूर्ण करणारा. टीसीपीच्या तीन पावलांपैकी पहिले टाकून, उत्तर मिळताच पळ काढणारा त्याच्या लॉगमध्ये येतच नाही, आणि पोर्ट चाळणाऱ्यांपैकी बरेच जण नेमके तसेच करतात. त्यांच्यासाठी `tcpdump` स्वतंत्र चालू ठेवला. दोन्ही नोंदी आम्ही मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, कारण त्यांतील पत्त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. पहिल्या पावलाच्या पाकिटावर पाठवणारा वाटेल तो पत्ता लिहू शकतो; `nmap -D` हा पर्याय तर स्वतःच्या पत्त्याभोवती खोट्या पत्त्यांची गर्दी करण्यासाठीच आहे. तिन्ही पावले पूर्ण झाली की मात्र आपले उत्तर त्या पत्त्यापर्यंत पोहोचले आणि परत आले, असे म्हणता येते. म्हणून बंदीच्या यादीसाठी फक्त काउरीतील पत्ते धरायचे, असा नियम केला. `tcpdump` मधून रीत तेवढी पाहायची. उदाहरणार्थ, पाकिटाचा अनुक्रमांक आपल्याच पत्त्याच्या संख्येइतका असेल तर तो 2016 मध्ये कॅमेरे आणि राउटर बाधित करणाऱ्या मिराईच्या वंशातील प्रोग्रॅम असण्याची शक्यता दाट असते, कारण मिराईच्या शोधकाची ती सवय आहे.

एका रात्रीतील तीन पाहुणे

सुरुवातीला मी एक आळशीपणा केला होता. काउरीच्या `userdb.txt` मध्ये कोणाला आत घ्यायचे ते लिहायचे असते आणि तेथे मी `root:x:*` असे लिहून ठेवले, म्हणजे `root` साठी कोणताही पासवर्ड चालेल. जितके जास्त आत येतील तितके अधिक पाहता येईल, असा हिशोब होता. पण आत आलेले बहुतेक जण एक-दोन आज्ञा देऊन निघून जात आणि परत येत नसत. कारण शोधण्यासाठी मी प्रवेशाच्या नोंदी वेळेच्या क्रमाने लावल्या:

```
jq -r 'select(.eventid|startswith("cowrie.login"))
  | [.timestamp,.src_ip,.username,.password,.eventid]
  | @tsv' cowrie.json
```

एका रात्रीच्या ओळी अशा होत्या. वेळ आणि घटनेचे नाव कापून लहान केले आहे आणि खऱ्या पत्त्यांच्या जागी उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते घातले आहेत, कारण ते खरे पत्ते आज भलत्याच कोणाकडे असू शकतात.

```
18:51:09 203.0.113.45  root         P@ssw0rd1     success
18:51:44 192.0.2.88    345gs5662d34 345gs5662d34  failed
18:51:46 198.51.100.17 root         3245gs5662d34 success
```

पहिल्या पाहुण्याने त्याआधी काही पासवर्ड वापरून पाहिलेले नव्हते, तो पहिल्याच झटक्यात आत आला. आत येताच त्याने `.ssh` फोल्डर पुसून नवे केले आणि `authorized_keys` मध्ये स्वतःची सार्वजनिक किल्ली लिहिली. त्या किल्लीच्या शेवटी `mdrfckr` हे नाव होते. हे नाव आणि `345gs5662d34` हा विचित्र पासवर्ड जगभर हनीपॉट चालवणाऱ्यांच्या इतके परिचयाचे आहेत की ते दिसले नाहीत तर यंत्र बंद पडले की काय अशी शंका यावी. मला अडवले ते पुढच्या दोन ओळींनी. पाऊण मिनिटाच्या आत दोन निराळ्या पत्त्यांवरून दोन जोडण्या आल्या, प्रत्येकीने एकच पासवर्ड वापरून पाहिला आणि एकही आज्ञा न देता दोन्ही तुटल्या. यादीतले पासवर्ड एकामागून एक चालवणाऱ्याचे हे वर्तन नाही.

माझा अंदाज असा आहे की ही पारख होती. `3245gs5662d34` हा पासवर्ड कोणी माणूस `root` ला देईल हे संभवत नाही. खऱ्या सर्व्हरने तो नाकारलाच पाहिजे. जो सर्व्हर स्वीकारतो तो काहीही स्वीकारतो, म्हणजे तो सापळा आहे. माझ्या चांदणीच्या एका खुणेने आमचे सोंग पाऊण मिनिटाच्या आत उघडे पडत होते. काउरीची इतर मूळ चिन्हेही तशीच ठेवलेली होती: यंत्राचे नाव `svr04`, खोट्या वापरकर्त्यांच्या यादीत `phil`. ज्याला काउरी ठाऊक आहे त्याला एवढे पाहूनच कळते.

तीन पत्ते एकाच हाताचे आहेत हे कशावरून, असा प्रश्न व्यवस्थापकांनी विचारला आणि तो रास्त होता. वेळेची जवळीक योगायोगही असू शकते. म्हणून जोडणीच्या सुरुवातीचा संवाद पाहिला. एसएसएचचा प्रोग्रॅम स्वतःचे नाव सांगतो आणि त्यानंतर कोणत्या गुप्तलेखन पद्धती कोणत्या क्रमाने चालतील त्याची यादी पाठवतो. नाव हवे ते सांगता येते, पण ही यादी व तिचा क्रम लायब्ररीच्या बांधणीतून येतो आणि सहसा कोणी बदलत नाही. तिचा सारांश म्हणजे `hassh`, आणि काउरी तो `cowrie.client.kex` या नोंदीत लिहितो. तिन्ही पाहुण्यांचे सांगितलेले नाव `SSH-2.0-libssh_0.9.6` होते आणि `hassh` ही एकच होता. यावरून अवजार एक आहे एवढे सिद्ध होते; तेच अवजार वापरणारी माणसे अनेक असू शकतात. वेळ, अवजार आणि त्या विशिष्ट पासवर्डांची जोडी ही तिन्ही एकत्र आल्यावरच मी "एक हात" हा शब्द अहवालात वापरला, तोही "बहुधा" लावून.

सोंग सुधारल्यानंतर

`userdb.txt` मधून ती चांदणी काढली. आधीच्या नोंदींत बऱ्याचदा येऊन गेलेला एक मध्यम साधा पासवर्ड निवडला आणि `root` साठी तेवढा एकच ठेवला. यंत्राचे नाव आणि वापरकर्त्यांची यादी बदलली. आत येणाऱ्यांची संख्या एकदम घटली, आणि व्यवस्थापकांना सुरुवातीला वाटले की काहीतरी बिघडले आहे.

सहाव्या दिवशी तोच प्रकार नव्या पत्त्यांवरून घडला. एकाने योग्य पासवर्ड शोधला, किल्ली लिहिली आणि `chpasswd` ने `root` चा पासवर्ड बदलला, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या घुसखोराला दार बंद. पारखीच्या दोन्ही जोडण्या आल्या आणि या वेळी दोन्ही नाकारल्या गेल्या. पहिला पाहुणा तेवढ्यात आत थांबून यंत्र चाचपत होता: `uname -m`, `free -m`, `crontab -l`, `w`, आणि `/proc/cpuinfo` मधून प्रोसेसर किती आहेत त्याची मोजदाद. फाइलमध्ये कागदपत्रे आहेत का, डेटाबेस आहे का, हे त्याने पाहिलेही नाही. त्याला हवी होती गणनाची ताकद आणि यंत्रावर सध्या कोणी बसले आहे का याची माहिती, आणि असा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या विजेवर आभासी चलन खणायला येतो. आमच्या व्यवस्थापकांना धास्ती होती ती ग्राहकांच्या माहितीची. निदान या पाहुण्याला तिच्यात रस दिसला नाही.

यादीचे काय करायचे हा मूळ प्रश्न मात्र उरलाच. तीन आठवड्यांच्या अखेरीस पत्त्यांची लांबलचक यादी होती, आणि `hassh` नुसार गट पाडल्यावर ती अवघ्या काही मोजक्या अवजारांत मावली. त्यांत काही पत्ते इंटरनेटची पाहणी करणाऱ्या सेन्सिस, शोडान, शॅडोसर्व्हर यांसारख्या सेवांचे होते. ते दार वाजवतात पण पासवर्ड चाचपत नाहीत, म्हणून त्यांना वेगळे काढले. तसे करताना पत्त्यामागचे नाव वाचून थांबायचे नसते, कारण ते नाव पत्त्याचा मालक हवे ते लिहू शकतो. त्या नावावरून उलट पत्ता शोधला असता तोच मिळतो का, हे पाहावे लागते. उरलेल्यांपैकी पुष्कळ पत्ते घरगुती जोडण्यांचे, म्हणजे बाधित झालेल्या राउटरचे किंवा कॅमेऱ्याचे वाटत होते. असे पत्ते बदलत राहतात. आज ज्याच्यावर बंदी घातली तो पत्ता पुढच्या महिन्यात आपल्याच एखाद्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. म्हणून यादी दिली, पण प्रत्येक पत्त्यापुढे शेवटचा दिसलेला दिवस लिहून आणि सात दिवसांनंतर बंदी आपोआप उठेल अशा अटीवर. खऱ्या सर्व्हरवर पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त किल्लीने चालू ठेवला, आणि खरे सांगायचे तर लॉगमधील पासवर्डचे प्रयत्न निष्फळ झाले ते यामुळे, यादीमुळे नव्हे.

एका पत्त्याबाबत आम्ही संबंधित इंटरनेट पुरवठादाराला तक्रारही केली आणि तेथे माझी दुसरी चूक झाली. काउरीची वेळ यूटीसीमध्ये असते. ती भारतीय वेळेत बदलून मी रात्री 12 वाजून 21 मिनिटे असे लिहिले, मात्र तारीख लॉगमधलीच, आदल्या दिवसाची, राहू दिली आणि वेळ कोणती तेही लिहिले नाही. त्या क्षणी त्या पत्त्यावर तसे कोणी नव्हते, असे उत्तर आले. दुसऱ्या पत्रात यूटीसीतील वेळ सेकंदासह आणि `src_port` ही दिला. आता बऱ्याचदा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुरवठादाराचे शेकडो ग्राहक असतात, आणि त्यांतील कोण हे पोर्ट क्रमांकाशिवाय पुरवठादारालाही सांगता येत नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस भारतात जपून ठेवावे लागतात आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवावी लागतात. हनीपॉटचे लॉगही त्याच शिस्तीत ठेवायला या प्रसंगानंतर सुरुवात केली.

शेवटची नोंद किल्लीवाल्या पाहुण्याचीच आहे. सहाव्या दिवसाच्या त्या घटनेनंतर दोन दिवसांनी एका नव्या पत्त्यावरून कोणीतरी पासवर्ड न देता थेट किल्ली पुढे केली. काउरीने ती `cowrie.client.fingerprint` मध्ये टिपली. पहिल्या पाहुण्याने लिहिलेली किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवून `ssh-keygen -E md5 -lf key.pub` चालवले तर ठसा तोच निघाला. माझ्या सहकाऱ्याने लगेच म्हटले, "सापडला." पण एसएसएचमध्ये आधी नुसती सार्वजनिक किल्ली दाखवून "ही चालेल का" असे विचारता येते आणि सही त्यानंतर करावी लागते. काउरीने पहिल्याच प्रश्नाला नकार दिला, त्यामुळे सही करण्याची वेळच आली नाही. ती सार्वजनिक किल्ली तर जगातील असंख्य बाधित यंत्रांवर पडलेली आहे. ती कोणीही उचलून दाखवू शकतो. तिची जोडीदार खासगी किल्ली या पाहुण्याजवळ होती का, हे आमच्या नोंदीतून ठरत नाही. शिवाय खऱ्या यंत्राने ती किल्ली स्वीकारली असती आणि आमच्या सोंगाला मागच्या भेटीतील काहीच आठवत नव्हते. तो पाहुणा नंतर आला नाही.